आठाला तीन, आठाला पाच: इडलीच्या चटणीतल्या खोबऱ्याचा हिशेब

नाशिकच्या माणसाला ताटातली चरबी ओळखायला शिकवलं ते मिसळीने. वाटीत वर तांबडी तर्री तरंगताना दिसली की आपण लगेच सांगतो, 'तर्री कमी टाका.' डोळ्याला तेल दिसतं, हात आवरता घेतला जातो. तोच माणूस इडलीच्या बशीसमोर निर्धास्त असतो. इडली वाफवलेली, चटणी पांढरीशुभ्र, सांबार डाळीचं. तवंग कुठेच नाही. म्हणून वजन कमी करायला निघालेल्या कितीतरी घरांत रविवारची मिसळ बंद होऊन तिच्या जागी इडली येते, आणि चटणी मात्र 'नारळाचीच तर आहे' म्हणून दोन-दोन वाट्या वाढली जाते.

इडली हलकी आहे, यात वाद नाही. चटणीच्या बाबतीत मात्र तर्री शोधणारा डोळा फसतो. नारळातलं तेल पेशींमध्ये बारीक थेंबांच्या रूपात असतं. खोबरं पाण्याबरोबर वाटलं की हे थेंब पाण्यात विखुरतात, आणि खोबऱ्यातली प्रथिनं व चोथा त्यांना एकत्र येऊ देत नाहीत. त्यामुळे तेल वर येऊन तरंगत नाही, चटणीभर पसरलेलं राहतं. अशा असंख्य थेंबांवरून प्रकाश विखुरतो म्हणून चटणी दुधासारखी पांढरी दिसते. म्हणजे ज्या पांढऱ्या रंगामुळे ती सात्त्विक वाटते, तो रंगच तिच्यातल्या फॅटने आणलेला आहे.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत बघावं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि निफाडकडून गारठा आला की आपल्याकडे सकाळचं स्वयंपाकघर त्याहून बरंच थंड असतं. आदल्या दिवशीची उरलेली चटणी फ्रिजमधून काढा. ती घट्ट झालेली असते आणि तिच्यात साबुदाण्याहून बारीक पांढरे कण दिसतात. एक कण अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून चोळा. आधी मेणासारखा लागतो, मग बोटांच्या उबेने विरघळतो आणि बोटं तुपाळ होतात. चटणीची तर्री ती हीच. फक्त ती दिसायला थंडी लागते.

आता ती किती, हा प्रश्न. तो सोडवायचा तर चटणीच्या चमच्यापासून सुरुवात करून उपयोग नाही, कारण चटणीत पाणी किती घातलं यावर चमच्याचा आकडा बदलतो. घट्ट चटणीचा चमचा आणि सरसरीत चटणीचा चमचा यांत दुपटीचा फरक सहज पडतो. पाण्याने न बदलणारी गोष्ट एकच: मिक्सरच्या भांड्यात खवलेलं खोबरं किती ग्रॅम गेलं. सगळा हिशेब तिथून सुरू करावा.

ओल्या खोबऱ्याचे छापील आकडे एकसारखे नाहीत, आणि त्यामुळे लोक गोंधळतात. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यात १०० ग्रॅम ताज्या खोबऱ्यात ३३.५ ग्रॅम फॅट आणि ३५४ कॅलरी दिल्या आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या भारतीय तक्त्यात त्याच १०० ग्रॅमला ४१.६ ग्रॅम फॅट आणि ४४४ कॅलरी आहेत. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिल्या नमुन्यात पाणी ४७ टक्के होतं, दुसऱ्यात ३६ टक्के. नारळ जसा जून होतो तसं खोबऱ्यातलं पाणी कमी होतं आणि तेलाचा वाटा वाढतो. फरकाचं मोठं कारण तेच.

घरच्या हिशेबाला दोन्हींचा मध्य घेतला तर १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्याला ३७.५ ग्रॅम फॅट आणि जवळजवळ बरोब्बर ४०० कॅलरी येतात. ३७.५ टक्के म्हणजे आठातले तीन. म्हणून लक्षात ठेवायला सोपं: ओलं खोबरं, आठाला तीन. आठ ग्रॅम खवलेल्या ओल्या खोबऱ्यात तीन ग्रॅम फॅट. आणि कॅलरी हव्या असतील तर खोबऱ्याच्या ग्रॅमला चाराने गुणायचं. या कॅलरींतल्या शंभरातल्या ८४ एकट्या फॅटमधून येतात. बाकीच्या थोड्या साखर, प्रथिनं आणि चोथ्यातून. म्हणून खोबऱ्याच्या बाबतीत कॅलरी मोजणं आणि फॅट मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत.

सुक्या खोबऱ्याचा आकडाही इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सांबारात तो लागणार आहे. त्याच भारतीय तक्त्यात सुक्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला ६२.३ ग्रॅम फॅट आणि ६६२ कॅलरी आहेत. म्हणजे सुकं खोबरं, आठाला पाच.

मधला आकडा घेतल्याने चूक किती होईल? दोन्ही बाजूंना साधारण ११ टक्के. १०० ग्रॅम खोबऱ्याची चटणी चौघांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला इकडे-तिकडे ११ कॅलरी. ही चूक चालण्यासारखी आहे. खरी मोठी चूक आधीच झालेली असते, खोबरं वाटीने मोजलं तेव्हा.

आपल्याकडे पाककृती 'एक वाटी खोबरं' अशी लिहिली जाते. १५० मिलीच्या स्टीलच्या वाटीत खवणीवरून थेट पडलेलं भुरभुरीत खोबरं भरलं तर ते साधारण ५० ग्रॅम बसतं. तीच वाटी भरून अंगठ्याने दाबली आणि वर पुन्हा भर घातली, तर जवळपास दीडपट खोबरं मावतं. दोन वाट्यांची कृती असेल तर एकीच्या हातची चटणी १०० ग्रॅमची आणि दुसरीच्या हातची १५० ग्रॅमची. आठाला तीनने बघा, फक्त दाबण्यामुळे जवळजवळ १९ ग्रॅम फॅट जास्त. चार छोटे चमचे तेल ओतल्यासारखं. फ्रीझरमधलं खोबरं तर आणखी फसवतं. गोठलेला गोळा सुटतो तेव्हा खोबरं बसकं होतं आणि तितकीच वाटी भरायला जास्त लागतं. खोबऱ्याचे तुकडे करून मिक्सरमध्ये फिरवलं तर कीस पडतो जाड, त्याची वाटी वेगळीच. त्यामुळे खोबऱ्यासाठी वाटी हे माप मनातून काढून टाकावं.

वजनकाटा असेल तर सोपी रीत अशी. नारळ फोडून पाणी काढल्यावर कवड काट्यावर ठेवायची आणि वजन बघायचं. मग खवायची. मग रिकामी करवंटी पुन्हा काट्यावर ठेवायची. वजाबाकी म्हणजे खोबरं. खवलेलं खोबरं वेगळ्या भांड्यात घेऊन तोलण्यापेक्षा हे बरं, कारण विळीच्या पाटावर, ताटात, हाताला जे चिकटतं तेही हिशेबात येतं आणि शेवटी बोटाने पुसून चटणीतच जातं. मध्यम नारळाच्या एका कवडीतून १०० ते १५० ग्रॅम खोबरं निघतं. ही रुंदी बघूनच कळेल की 'अर्धा नारळ' हेही माप का नव्हे.

नारळ कोणता, हे नाशिकात जरा निराळ्या तऱ्हेने ठरतं. इथे नारळ पिकत नाही, बाहेरून येतो, आणि घरातला बराचसा नारळ देवाच्या वाटेने येतो. पंचवटीत काळारामाला, रामकुंडावर, श्रावणात त्र्यंबकेश्वरला वाहिलेला नारळ प्रसाद म्हणून परत येतो आणि दोन दिवसांनी चटणीत जातो. असा नारळ झाडावरून उतरल्यापासून खूप दिवस फिरलेला असू शकतो. फोडण्याआधी कानाशी धरून हलवा. पाणी भरपूर आणि जड हलत असेल तर खोबरं ओलं आहे, आठाला तीन चालेल. पाणी थोडंच खळखळत असेल, फोडल्यावर खोबरं जाड, टणक आणि खवताना बोटं तेलकट होत असतील, तर वरचा आकडा धरावा, १०० ला ४१ ते ४२. पाण्याचा आवाजच नाही आणि आत गोटा सुटून आपटतोय, तर ते ओलं खोबरं उरलेलंच नाही. त्याला सुक्याचा आकडा लावायचा, आणि खरं म्हणजे त्याची इडलीची चटणी करूच नये, ती चरबट लागते. खोबरं चाखून बघितल्यावर जिभेच्या मागे खवटपणा आला तर कोणताच आकडा लावायची गरज नाही, ते टाकून द्यावं. उलट, पातळ मलईचा कोवळा नारळ आला तर त्यात पाणी इतकं असतं की फॅट खालच्या आकड्याच्याही खाली जातं. त्याची चटणी गोडसर आणि पाणचट होते.

आता चौघांची एक चटणी तोलून करू. खवलेलं ओलं खोबरं १०० ग्रॅम. डाळं, म्हणजे फुटाण्याची डाळ, २५ ग्रॅम. दोन हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं, थोडी कोथिंबीर, मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. पाणी १५० मिली. वरून फोडणी: तेल २ छोटे चमचे, मोहरी, चमचाभर उडीद डाळ, कढीपत्ता, हिंग.

वाटताना डाळं आधी कोरडं फिरवून घ्यायचं. खोबऱ्याबरोबर टाकलं तर ते आधी बारीक होत नाही आणि ते बारीक होईपर्यंत खोबरं गरजेपेक्षा जास्त फिरतं. मग खोबरं, मिरची, आलं, मीठ आणि निम्मं पाणी. थांबत थांबत फिरवायचं. मिक्सर सलग दोन-तीन मिनिटं चालवला तर भांडं गरम होतं, थेंब फुटून एकत्र येतात आणि चटणीच्या कडेला तेलकट चकाकी दिसायला लागते. त्याने फॅट वाढत नाही, होतं तेच सुटून बाहेर येतं, पण चव तुपकट होते. थंडीत याच्या उलट होतं. गार पाण्याने वाटलं तर खोबऱ्यातलं तेल गोठून पात्यांना आणि भांड्याच्या कडेला पांढरा थर धरतं. चटणी रवाळ राहते आणि थोडं खोबरं भांड्यातच वाया जातं. म्हणून हिवाळ्यात वाटायला कोमट पाणी घ्यावं, ३५-४० अंशांचं, हाताला जेमतेम ऊब लागेल इतकं.

बेरीज अशी होते. खोबऱ्याच्या ४०० कॅलरी, फॅट ३७.५ ग्रॅम. डाळ्याच्या ९२ कॅलरी, फॅट दीड ग्रॅम. फोडणीचं तेल ९ ग्रॅम, कॅलरी ८०, आणि ते सगळंच फॅट. मोहरी आणि उडीद डाळ मिळून २० कॅलरी, फॅट अर्धा ग्रॅम. एकूण ५९२ कॅलरी आणि ४८.५ ग्रॅम फॅट. सगळी चटणी भरते सुमारे ३१० ग्रॅम. चौघांत वाटली तर एकेकाला साधारण ७७ ग्रॅम चटणी, म्हणजे मोठे पाच चमचे, १४८ कॅलरी आणि १२ ग्रॅम फॅट. एका मोठ्या चमच्याला ३० कॅलरी, जवळपास अडीच ग्रॅम फॅट.

या बेरजेत एका जागी थांबावंसं वाटतं. फोडणीचं तेल आपण फार काळजीने मोजतो. 'आज एकच चमचा तेल घातलं' असं समाधानाने सांगतो. एक चमचा तेल वाचलं म्हणजे चौघांत मिळून साडेचार ग्रॅम फॅट वाचलं, माणशी एक ग्रॅमच्या जरासं वर. आणि त्याच चटणीत खोबऱ्याच्या रूपाने आठ छोटे चमचे तेल आधीच गेलेलं आहे, एकेकाच्या वाट्याला दोन चमचे. दाबून भरलेली वाटी सैल भरली तर फोडणीतलं सगळं तेल वगळण्यापेक्षा दुप्पट फॅट कमी होतं. चव टिकवायची असेल तर फोडणी तशीच ठेवावी आणि हात खोबऱ्यावर आखडता घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कढीपत्ता आणि हिंग नीट तडतडायला तेल लागतंच. पाव चमचा तेलात मोहरी करपते आणि उडीद डाळ एका बाजूने काळी, दुसऱ्या बाजूने कच्ची राहते.

फॅट कोणतं, हाही भाग आहे. नारळाच्या फॅटमधले दहातले जवळपास नऊ भाग संपृक्त असतात. म्हणून तर ते थंडीत गोठतं. एकेकाच्या वाट्याच्या २५ ग्रॅम खोबऱ्यातून सुमारे ८.३ ग्रॅम संपृक्त फॅट जातं. जागतिक आरोग्य संघटना संपृक्त फॅटमधून येणाऱ्या कॅलरी दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. २००० कॅलरी खाणाऱ्याला ते २२ ग्रॅम होतात. म्हणजे सकाळच्या पाच चमचे चटणीत दिवसाच्या वाट्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग संपला. ज्यांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी जपायला सांगितलं आहे, त्यांनी हा आकडा कॅलरींच्या आधी बघावा. 'नारळात कोलेस्टेरॉल नसतं' हे वाक्य खरं आहे. वनस्पतीत ते नसतंच. पण रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवण्यात संपृक्त फॅटचा हात असतो, आणि ते नारळात भरपूर आहे.

नारळ महागला की चटणीत शेंगदाणे येतात. आपल्या भागाला ते परके नाहीत, खानदेश जवळ आहे आणि दाण्याचं कूट प्रत्येक घरात असतं. फक्त दाणे घातल्याने चटणी हलकी होते हा समज खोटा आहे. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला ४९ ग्रॅम फॅट आणि ५६७ कॅलरी असतात, ओल्या खोबऱ्यापेक्षा जास्त, कारण दाण्यात पाणी फारच कमी असतं. १०० ग्रॅम खोबऱ्याऐवजी ६० ग्रॅम खोबरं आणि ४० ग्रॅम दाणे घेतले तर ४०० च्या जागी ४६७ कॅलरी होतात आणि फॅट ३७.५ वरून ४२ वर जातं. फायदा होतो तो इतकाच की दाण्यातलं बहुतेक फॅट असंपृक्त आहे. कोलेस्टेरॉलसाठी जपणाऱ्याला हा बदल बरा, वजनासाठी जपणाऱ्याला नाही.

कमी करायचंच असेल तर डाळं वाढवावं. ६० ग्रॅम खोबरं आणि ५० ग्रॅम डाळं घेतलं, फोडणी तीच ठेवली, तर कॅलरी ५९२ वरून ५२५ होतात. फरक फार वाटत नाही. पण फॅट ४८.५ वरून ३५ ग्रॅमवर येतं, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त कमी. त्याची एक खोड सांभाळावी लागते. डाळं पाणी पीत राहतं. वाटताना बरोबर वाटलेली चटणी अर्ध्या तासात पिठल्यासारखी घट्ट होते. मग पाणी घालतो, मीठ कमी पडतं, पुन्हा मीठ घालतो. म्हणून अशी चटणी वाटताना जरा जास्तच पातळ ठेवावी आणि मीठ दहा मिनिटांनी चाखून ठरवावं. चौघांना ६० ग्रॅमच्या खाली खोबरं नेऊ नये. मग ती डाळ्याची चटणी होते, आणि तोंडाला खोबरं न लागल्याने माणूस तीच चटणी दुप्पट घेतो.

सांबाराकडे वळू. इथे हिशेब उलटा आहे. सांबार स्वभावतः हलकं असतं, आणि खोबरं घातलं की त्याची जात बदलते.

चौघांसाठी तूरडाळ ८० ग्रॅम, शेवगा, लाल भोपळा, दुधी, कांदा, टोमॅटो मिळून २५० ग्रॅम भाज्या, चिंच आणि गूळ १०-१० ग्रॅम, सांबार मसाला दोन चमचे, आणि फोडणीला एक मोठा चमचा तेल. शिजून साधारण १.२ लिटर होतं, १५० मिलीच्या आठ वाट्या. डाळीच्या २७४ कॅलरी, भाज्यांच्या ७०, चिंच-गूळ-मसाल्याच्या मिळून ८७, तेलाच्या १२०. एकूण साडेपाचशे, फॅट १६ ग्रॅम, त्यातलं साडेतेरा एकट्या फोडणीचं. एका वाटीला ६९ कॅलरी आणि दोन ग्रॅम फॅट. चटणीचा एक चमचा आणि सांबाराची एक पूर्ण वाटी, फॅटच्या हिशेबाने जवळपास सारखी.

दक्षिणेत सांबाराचे अनेक प्रकार आहेत आणि सगळ्यांत खोबरं नसतं. तमिळ घरांत भाजून वाटलेलं खोबरं घालतात त्याला अरच्चुविट्ट सांबार म्हणतात. केरळात खोबरं चांगलं तांबूस भाजून घालतात. उडुपी पद्धतीतही वाटलेलं खोबरं असतं. समजा त्या रीतीने आपण वरच्या सांबारात ४० ग्रॅम ओलं खोबरं एक चमचा तेलात धने, मेथ्या आणि सुक्या मिरच्यांबरोबर परतून वाटून घातलं. खोबऱ्याच्या १६० कॅलरी आणि १५ ग्रॅम फॅट, तेलाच्या ४० आणि साडेचार ग्रॅम. सगळं सांबार साडेसातशे कॅलरींवर जातं आणि फॅट १६ वरून जवळपास ३६ वर. वाटीला ९४ कॅलरी, साडेचार ग्रॅम. कॅलरी सुमारे एक-तृतीयांशाने वाढल्या, फॅट मात्र दुपटीहून जास्त. आणि इथेही तवंग फोडणीइतकाच दिसतो, कारण वाटलेलं खोबरं डाळीत मिसळून दाटपणा होऊन बसतं.

इथेच नाशिकच्या स्वयंपाकघरातली खास चूक होते. घाटावरच्या घरात 'खोबरं भाजून घाला' म्हटलं की हात सुक्या खोबऱ्याच्या वाटीकडे जातो. काळ्या मसाल्याला, मिसळीच्या कटाला, भरल्या वांग्याला आपण तेच वापरतो. कृतीत ४० ग्रॅम ओलं लिहिलेलं असतं, आपण ४० ग्रॅम सुकं किसतो. आठाला तीनच्या जागी आठाला पाच. १५ ग्रॅमच्या ऐवजी २५ ग्रॅम फॅट, आणि १६० च्या ऐवजी २६५ कॅलरी. सुकंच वापरायचं असेल तर ओल्याच्या सहा-दशांश घ्यावं: ४० ग्रॅमच्या जागी २४ ग्रॅम. फॅट सारखं येतं आणि दाटपणाही पुरतो.

भाजलेल्या ओल्या खोबऱ्याचंही तेच आहे. भाजताना पाणी उडून जातं, तेल तिथेच राहतं. ४० ग्रॅम ओलं खोबरं तांबूस होईपर्यंत भाजलं तर काट्यावर २४-२५ ग्रॅम भरतं. कुणी भाजून झाल्यावर ४० ग्रॅम तोललं आणि त्याला ओल्याचा आकडा लावला, तर प्रत्यक्षात ६५ ग्रॅमच्या वर ओलं खोबरं सांबारात गेलेलं असतं आणि कागदावर १० ग्रॅम फॅट गायब होतं. म्हणून तोलायचं ते भाजण्याआधी. तयार डेसिकेटेड खोबरं घेत असाल तर ते सुक्याच्या घरातलं, पण काही पाकिटांतल्या खोबऱ्यातून तेल आधीच काढलेलं असतं. तिथे अंदाज न लावता पाकिटावरचा आकडा वाचावा. आणि सोलकढीसाठी दूध काढून उरलेल्या चोथ्याची चटणी करत असाल तर फॅटचा मोठा भाग दुधाबरोबर गेलेला असतो, त्या चोथ्याला आठाला तीन लावू नये.

पूर्ण बशी मांडली तर ती अशी दिसते. चार इडल्या, एकेक सुमारे ४० ग्रॅमची, मिळून २२० कॅलरी आणि जेमतेम एक ग्रॅम फॅट. आपल्या वाट्याची पाच चमचे चटणी, १४८ कॅलरी आणि १२ ग्रॅम. साधं सांबार दोन वाट्या, १३८ कॅलरी आणि ४ ग्रॅम. बेरीज ५०० च्या थोडी वर, फॅट १७ ग्रॅम. या सतरांतले बारा चटणीतून आले. सांबार खोबऱ्याचं असेल तर ५५६ कॅलरी, फॅट २२ ग्रॅम. म्हणून एक सल्ला मी निःशंकपणे देतो: एका वेळी एकाच ठिकाणी खोबरं. चटणी खोबऱ्याची असेल तर सांबार साधं, सांबार खोबऱ्याचं असेल तर सोबत टोमॅटो-कांद्याची चटणी.

बाहेरच्या चटणीचा काटा आपल्या हातात नसतो. हातगाडीवर किंवा छोट्या हॉटेलात मिळणारी चटणी बहुधा पातळ असते. समजा तिच्यात ५० ग्रॅम खोबरं, ५० ग्रॅम डाळं, ३०० मिली पाणी आणि घरच्याइतकीच फोडणी आहे. तिच्या ६० ग्रॅमच्या वाटीत ६९ कॅलरी आणि साडेचार ग्रॅम फॅट येतं, घरच्या घट्ट चटणीच्या तेवढ्याच वाटीत ११५ कॅलरी आणि साडेनऊ ग्रॅम. फॅटच्या हिशेबाने पातळ चटणीची वाटी निम्म्याची आहे, पण ती इडलीवर ओतली जाते आणि दोन-तीनदा मागितली जाते. पार्सल आणलं असेल तर उरलेली चटणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी चमच्याने उकरून बघा. बारीक पांढरे कण आणि घट्ट थर असेल तर खोबरं सढळ आहे. गुळगुळीत, पिठासारखी लपथपीत झाली असेल तर डाळं जास्त आहे.

घरी रोजचा तोलण्याचा खटाटोप नको असेल तर एकदाच बसावं. दोन नारळ खवून ५०-५० ग्रॅमच्या पुड्या कराव्यात, चपट्या दाबून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, आणि प्रत्येकीवर पेनाने लिहावं: ५० ग्रॅम, २०० कॅलरी, फॅट १९. दोघांच्या चटणीला एक पुडी, चौघांच्या चटणीला दोन. काढल्यावर पुडी पाण्याखाली धरून पूर्ण सुटू द्यावी आणि कोमट पाण्यानेच वाटावं, नाहीतर गोठलेलं तेल भांड्याला चिकटतं आणि पुडीवर लिहिलेले १९ ग्रॅम चटणीत पुरते उतरत नाहीत.